गच्चीवरून घरात येणाऱ्या कुंड्यांचे विलगीकरण: दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

कोल्हापुरात घरातली झाडे पावसाळ्यात बाहेर ठेवणे सोयीचे असते. मृगाचा पाऊस सुरू झाला की आम्ही हॉलमधल्या आणि खिडकीतल्या कुंड्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली नेतो आणि दसरा झाला की परत खाली आणतो, कारण त्यानंतर पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचे ऊन सावलीतल्या झाडांची पाने भाजून काढते. चार महिन्यांत झाडे तरारलेली असतात, नवी पाने आलेली असतात, आणि अशा झाडांना पुसून थेट आपापल्या जागी ठेवावे असे कोणालाही वाटेल. २०२५ च्या दसऱ्यानंतर मी तसे न करता सगळ्या कुंड्या आधी वेगळ्या खोलीत ठेवल्या, ठरावीक अंतराने तपासल्या आणि खात्री पटल्यावरच एकेक करून घरात घेतल्या. यातील बहुतेक झाडे दिवाळीनंतर काही आठवड्यांत मोकळी झाली, पण एका जेडला संक्रांत उजाडली. हे काम करताना कोणत्या दिवशी काय पाहावे, किती थांबावे आणि कोणत्या गोष्टीवरून निर्णय घ्यावा याची माहिती मला एका जागी मिळत नव्हती, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

आधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. गच्चीवर असताना झाड निरोगी दिसते याचा अर्थ त्यावर कीड नाही असा होत नाही. बाहेर पावसाच्या सरींनी लाल कोळी आणि मावा धुऊन जातात, आणि जे उरतात त्यांना ढालकिडे, त्यांच्या अळ्या, क्रायसोपाच्या अळ्या आणि बारीक परोपजीवी माश्या खात असतात. त्यामुळे संख्या आटोक्यात राहते आणि आपल्या नजरेला काही येत नाही. तेच झाड खोलीत आले की पाऊस थांबतो, मित्रकीटक बाहेरच राहतात, हवा कोरडी होते, आणि पानाच्या देठाशी लपलेल्या दोन-चार किड्यांना मोकळे रान मिळते. घरात आणल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कीड 'अचानक' दिसू लागते, तिचे कारण बहुधा हेच असते. विलगीकरणाचा उपयोग असा, की ही वाढ एका बंद खोलीत आपल्या डोळ्यांसमोर होते आणि हॉलमधल्या, वर्षभर आतच असलेल्या झाडांपर्यंत पोहोचत नाही.

जागा ठरवताना मी तीन गोष्टी पाहिल्या: दार बंद करता यावे, पूर्वेचा किंवा उत्तरेचा उजेड असावा आणि खोलीत दुसरे एकही झाड नसावे. आमच्याकडे तशी एकच खोली आहे, ती मुलीची. ती पुण्याला असते आणि दिवाळीला येते, म्हणजे खोली मला फक्त दोन आठवडे मिळणार होती. पुढची सोय म्हणून अपार्टमेंटच्या सेक्रेटरींकडे गच्चीवरच्या जिन्याच्या माथ्याची बंदिस्त जागा काही दिवस मागितली. तोंडी हो म्हणून काम भागले नाही. लेखी अर्ज द्यावा लागला, त्यात कुंड्यांची संख्या, किती दिवस ठेवणार आणि पाणी जिन्यात उतरणार नाही याची हमी लिहावी लागली. कमिटीची बैठक व्हायला आठवडा गेला आणि परवानगी तीन अटींवर मिळाली: येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवायची, प्रत्येक कुंडीखाली बशी हवी, आणि वर्ष संपण्यापूर्वी जागा रिकामी करायची. ज्यांना सामाईक जागा वापरायची आहे त्यांनी हा अर्ज नवरात्रातच देऊन ठेवावा, कारण दिवाळीच्या तोंडावर कमिटीची माणसे एकत्र सापडत नाहीत.

४ ऑक्टोबरला, शनिवारी, कुंड्या खाली उतरवल्या. उतरवण्यापूर्वी गच्चीवरच धुण्याचे काम उरकले. प्रत्येक कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ताणून देठाभोवती बांधली, म्हणजे माती वाहून जात नाही, आणि मग झाड आडवे धरून पाइपच्या फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुतली. वरची बाजू कोणीही धुतो. कीड मात्र खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या कडेला आणि पान खोडाला जिथे मिळते त्या बेचक्यात असते. पिवळी पडलेली पाने काढून टाकली, मातीवर पडलेला पाला उचलला, कुंडीचा बाहेरचा भाग आणि तळ घासून घेतला. तळाच्या भोकांजवळ गोगलगाई आणि वाणी किडे निघाले. ते दिसायला किळसवाणे असले तरी घरातल्या झाडांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब आहे; काढून टाकले की विषय संपतो. खोलीत जुन्या वर्तमानपत्रांवर कुंड्या एकमेकींना पान लागणार नाही अशा बेताने मांडल्या, प्रत्येकीला स्वतंत्र बशी दिली आणि मध्ये दोन पिवळे चिकट सापळे काठीला लावून उभे केले. या खोलीची कात्री, फवारणीची बाटली आणि फडके वेगळे ठेवले. रोज आधी हॉलमधल्या झाडांना पाणी घालायचे आणि सगळ्यात शेवटी या खोलीत यायचे हा क्रमही पाळला, कारण पिठ्या ढेकणाची नुकती जन्मलेली पिल्ले बाहीला किंवा फडक्याला लागून सहज पुढे जातात.

साहित्यापैकी भिंग सगळ्यात उपयोगी पडले. दहापट मोठे दाखवणारे, घडी घालता येणारे साधे भिंग दीडशे रुपयांच्या आसपास मिळाले. औषधांच्या दुकानातून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची अर्धा लिटरची बाटली घेतली, आणि निंबोळीवर आधारित कीटकनाशकासाठी मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात गेले. तिथे पावतीवर नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि पिकाचे नाव विचारतात. कीटकनाशकांच्या विक्रीला १९६८ च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि पावतीवर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख येते, त्यामुळे ही विचारपूस नेहमीची आहे. 'घरातली शोभेची झाडे' असे सांगितले की तसे लिहून देतात. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग मात्र जरूर पाहावा. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. बंद खोलीत वापरायचे असल्याने मी हिरव्या त्रिकोणाचे, दहा हजार पीपीएम अझाडिरॅक्टिनचे निंबोळी औषध घेतले. सगळा मिळून खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. त्यात नव्या मातीसाठी घेतलेले कोकोपीट धरलेले आहे.

पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, ११ ऑक्टोबरला, पहिली तपासणी केली. पानाखाली पांढरा कागद धरून फांदीला बोटाने टिचकी मारायची, कागद उजेडात नेऊन मिनिटभर स्थिर धरायचा आणि भिंगातून पाहायचे, ही लाल कोळी ओळखण्याची सगळ्यात सोपी रीत आहे. कागदावर धुळीचे कण पडतातच, पण त्यांतला एखादा चालू लागला तर तो कोळी; बोटाने दाबून ओढल्यावर त्याची हिरवट किंवा तांबूस रेघ उमटते, धुळीची तशी उमटत नाही. क्रोटनखालच्या कागदावर असे ठिपके चालताना दिसले. जाळी अजून धरलेली नव्हती, पानांवर फक्त सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके होते. उष्ण आणि कोरड्या हवेत कोळ्याची एक पिढी जेमतेम आठवड्यात पूर्ण होते, म्हणून त्याला वाट पाहणे चालत नाही. क्रोटन लगेच न्हाणीघरात नेऊन पुन्हा खालून धुतले आणि संध्याकाळी निंबोळी औषध लिटरला दोन मिली या प्रमाणात, थेंबभर द्रव साबण घालून, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारले. यासाठी नळाचे पाणी घ्यावे; बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि औषध पानावर नीट पसरत नाही. फवारणी दर आठवड्याला केली आणि २५ ऑक्टोबरनंतर कागदावर काही चालताना दिसले नाही.

त्याच दिवशी अ‍ॅग्लोनिमाच्या आतल्या दोन देठांच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका दिसला. हा पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने अल्कोहोल लावले की अंगावरचे मेण विरघळते आणि खालचा पिवळसर-गुलाबी किडा उघडा पडून मरतो. हे काम देव्हाऱ्यापासून, आणि दिवाळीच्या दिवसांत पणत्यांपासून, लांब करावे, कारण अल्कोहोलची वाफ पटकन पेट घेते. येथे समजून घेण्याची गोष्ट अशी, की तो पुंजका म्हणजे एक किडा नसून बहुतेक वेळा अंड्यांची पिशवी असते आणि एका पिशवीत काही शे अंडी असू शकतात. बोळ्यातून निसटलेली अंडी आठवड्या-दीड आठवड्यात उबतात. बाहेर पडणारी पिल्ले पिवळसर, उघड्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी आणि अंगावर मेण नसलेली असतात. मेण धरून ती पांढरी दिसू लागायला आणखी काही दिवस लागतात. महिनाभर थांबायचे ते यासाठी. आज झाड स्वच्छ दिसले तर आजची मोठी कीड नाही एवढेच कळते, अंड्यांविषयी काहीच कळत नाही.

यावरून मी एक नियम केला आणि तो पुढे शेवटपर्यंत पाळला. महिना मोजायचा तो झाड खोलीत आणले त्या तारखेपासून नाही, तर त्या झाडावर शेवटचा जिवंत किडा दिसला त्या तारखेपासून. म्हणून प्रत्येक कुंडीला कागदी चिठ्ठी लावून तिच्यावर पेन्सिलीने ती तारीख लिहिली. नवा किडा दिसला की जुनी तारीख खोडायची आणि मोजणी पुन्हा सुरू करायची. अ‍ॅग्लोनिमाच्या चिठ्ठीवर अखेर १८ ऑक्टोबर राहिली.

आता जेडविषयी, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. जेडच्या पानांवर काहीही नव्हते. कागदावर काही पडले नाही, बेचक्यांत पुंजके नव्हते, सापळ्यावर काही चिकटले नव्हते. तरीही दोन गोष्टी खटकत होत्या. पाणी घालूनही खालची पाने मऊ आणि सुरकुतलेली राहत होती, आणि बशीच्या कडेने बारीक काळ्या मुंग्यांची ओळ तळाच्या भोकात शिरत होती. पावसाळ्यात जेडला पाणी सोसत नाही म्हणून ते गच्चीवर पत्र्याखाली, कोरड्या जागी, आणखी दोन कुंड्यांबरोबर एकाच लांबट ट्रेमध्ये ठेवलेले होते. खालच्या मजल्यावर राहणारे काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना पाने काढून दाखवली तेव्हा त्यांनी ती हातातही घेतली नाहीत. "पानं बघून काय हुतंय, वैनी? मुंग्या भोकातनं आत जात्यात म्हंजे खायला आतच हाय. कुंडी पालथी घाला आन् मुळं बघा की," असे ते म्हणाले.

१२ ऑक्टोबरला, रविवारी, वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली, कडेने बोटांनी दाबली आणि मातीचा गड्डा अख्खा बाहेर ओढला. कुंडीच्या आतल्या भिंतीवर, माती आणि प्लास्टिक यांच्या मध्ये, निळसर पांढरे पिठासारखे ठिपके होते. गड्ड्याच्या बाहेरच्या मुळांवर तसेच कापसाचे धागे, आणि भिंगाखाली त्या धाग्यांमध्ये तांदळाच्या कणीहूनही लहान, लांबट, पांढुरके किडे अगदी संथपणे सरकत होते. हा मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूण. तो जन्मभर मातीत राहतो, मुळांतला रस शोषतो, आणि त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या ये-जा करतात. पानावर त्याचा मागमूस नसतो. त्यामुळे पानांची कितीही बारकाईने तपासणी केली तरी तो सापडत नाही आणि असे झाड 'स्वच्छ' म्हणून घरात जाते.

त्याच्याशी घोळ होऊ शकेल अशा दोन गोष्टी कुंडीत नेहमी असतात, म्हणून ओळख नीट सांगते. मातीत मिसळलेले परलाइट पांढरे असते, पण ते दाण्यादाण्यांचे असते आणि नखाने दाबले की कुरकुरत फुटते. हे मेण बोटाला चोपडते. कुजणाऱ्या पाल्यावर वाढणारी पांढरी बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि पाण्याचा थेंब टाकला की भिजून आडवी होते. मेणाच्या पुंजक्यावरून पाणी गोल होऊन घरंगळते. शंका असेल तर तो भाग ओल्या कागदावर काढून भिंगाखाली काही मिनिटे ठेवावा. किडा असेल तर हलतो.

पत्र्याखालच्याच कुंडीत तो का वाढला याचेही कारण आहे. ही कीड मोकळ्या, वारंवार कोरड्या पडणाऱ्या मातीत चांगली वाढते, आणि जेड, झेडझेड, होया, निवडुंग यांना आपण मुद्दाम तशीच माती देतो. पावसात भिजत राहिलेल्या मनी प्लांट आणि पीस लिलीच्या कुंड्याही मी त्या दिवशी बाहेर काढून पाहिल्या. त्यांच्या मुळांवर काही नव्हते. जेडच्या ट्रेमधल्या दोन्ही शेजारणींकडे मात्र संशयाने पाहणे भाग होते, कारण पिल्ले तळाच्या भोकांतून बाहेर येतात आणि सामाईक ट्रेमधून दुसऱ्या कुंडीत शिरतात. झेडझेडच्या तळाशी दोन ठिकाणी पुंजके मिळाले, स्नेक प्लांटची मुळे स्वच्छ निघाली. तरीही तिघांना एकाच गटात धरले आणि तिघांच्या चिठ्ठ्यांवर एकच तारीख लिहिली.

उपायांचा विचार करताना वरून औषध ओतणे मी बाजूला ठेवले. मेणामुळे पातळ द्रावण किड्याच्या अंगाला लागत नाही आणि गड्ड्याच्या मध्यापर्यंत ते पोहोचले की नाही हे कळायला मार्ग नसतो. मुळांतून झाडभर पसरणारी आंतरप्रवाही कीटकनाशके या किडीवर चालतात, परंतु ती ज्या पिकांसाठी आणि ज्या मात्रेत नोंदलेली आहेत त्यांत झोपायच्या खोलीतली कुंडी बसत नाही, म्हणून तो मार्ग मी घेतला नाही. गरम पाण्यात मुळे बुडवण्याची पद्धतही आहे. हवाईतल्या पामच्या कुंड्यांसाठी सुमारे ४९ अंशांचे पाणी वापरलेले आहे, पण तापमान दोन-तीन अंशांनी चुकले तर एकतर कीड वाचते किंवा मुळे जातात, आणि जेडसारख्या मांसल झाडावर ते करून पाहण्याची माझी तयारी नव्हती. राहिला तो सगळ्यात कष्टाचा, पण डोळ्यांना दिसणारा मार्ग: सगळी माती काढून मुळे धुणे.

जुनी माती बोटांनी मोकळी करून थेट जाड पिशवीत भरली. मुळे बादलीतल्या पाण्यात बुडवून हलवली, पाणी दोन वेळा बदलले, मग नळाच्या बारीक धारेखाली धरून जुन्या मऊ दातघासणीने खोडाच्या बुंध्याशी असलेल्या सांध्यांतून मेण काढले. काळी पडलेली आणि पुंजक्यांनी गच्च भरलेली मुळे कापून टाकली. बुंध्याशी दिसलेल्या किड्यांना कापसाच्या काडीने अल्कोहोल लावले, तेवढ्याच जागी. झेडझेडची मुळे औषधाच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवली, जेडच्या बाबतीत मात्र साबण पूर्ण टाळला, कारण जेड हे साबणाच्या फवाऱ्याने इजा होणाऱ्या झाडांपैकी आहे. त्याच्या पानांवर डाग पडतात आणि पाने गळतात. धुतल्यानंतर जेड वर्तमानपत्रावर सावलीत उघडे ठेवले. कापलेल्या जागा सुकल्याशिवाय ते मातीत लावले तर कुजते, आणि ऑक्टोबरच्या हवेत सुकायला चार-पाच दिवस पुरतात.

पुन्हा लावताना काकांच्या सूचनेवरून एक बदल केला, ज्याचा पुढे सर्वांत जास्त फायदा झाला. जेड नेहमीच्या कुंडीत न लावता किराणा सामानाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात लावले, तळाला गरम खिळ्याने भोके पाडली आणि तो डबा जुन्या, उकळत्या पाण्याने धुतलेल्या कुंडीत बसवला. मुळांना अंधार मिळतो आणि तपासायचे असेल तेव्हा डबा उचलून भिंतीतून आत पाहता येते. ही कीड भिंतीलगतच जास्त दिसत असल्याने दर वेळी झाड उपटण्याची गरज राहत नाही. मातीत कोकोपीट, बारीक खडी आणि चाळलेले गांडूळखत घातले. परलाइट मुद्दाम वगळले, म्हणजे पांढरे काही दिसले तर संशयाला जागा उरणार नाही.

१८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, मुलगी येणार म्हणून खोली रिकामी केली. पानांवर कीड सापडलेली झाडे आणि जेडचा गट जिन्याच्या माथ्यावर गेला, दोन गटांत चार-पाच फुटांचे अंतर ठेवले, आणि जेडच्या तिन्ही बशांत पाण्याचा थर ठेवून मध्ये उपड्या वाट्यांवर कुंड्या ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत आणि पिल्ले उतरत नाहीत. ज्यांवर काहीही सापडले नव्हते ती झाडे, म्हणजे मनी प्लांट, पीस लिली आणि नेचे, आमच्या शयनगृहाच्या खिडकीत महिना पूर्ण होण्याची वाट पाहत राहिली. दिवाळीत हॉलचा कोपरा रिकामा दिसत होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा झाडे कुठे गेली ते विचारत होता. सासूबाईंनी लावलेले ते जेड त्यांना त्या दिवसांत दारापाशी हवे होते. नाही म्हणताना जीव वर-खाली झाला, पण हॉलमध्ये त्यांच्याच हातची दोन जुनी होया आहेत आणि ही कीड होयाला हमखास लागते, हे सांगितल्यावर त्यांना पटले.

२ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, जेडचा डबा उचलला. भिंतीतून काही दिसले नाही, तरी पहिल्या वेळी खात्रीसाठी झाड अलगद बाहेर काढले आणि बुंध्याच्या खालच्या सांध्यात दोन बारीक पांढरे ठिपके सापडले. भिंगाखाली ते हलत होते. म्हणजे धुण्यातून काही अंडी निसटली होती. पुन्हा धुतले, पुन्हा सुकवले, माती पुन्हा बदलली आणि तिन्ही चिठ्ठ्यांवरची तारीख खोडून नवी लिहिली. त्या दिवशी मन खट्टू झाले हे खरे. पण या किडीची एक पिढी पूर्ण व्हायला दोन ते चार महिने लागू शकतात, पानांवरच्या किडीसारखा महिन्याचा हिशोब तिला लागू पडत नाही, आणि एका धुण्यात काम संपेल असे धरून चालणे चूक ठरते.

बाकीच्यांचा मार्ग त्या मानाने सरळ होता. काहीच न सापडलेली झाडे ४ नोव्हेंबरनंतर हॉलमध्ये गेली. अ‍ॅग्लोनिमा आणि क्रोटन यांच्या चिठ्ठ्यांवरचा महिना नोव्हेंबरच्या अखेरीपूर्वी पूर्ण झाला. तोवर दर रविवारी बेचके आणि कागद पाहिले, आणि आत नेण्यापूर्वी शेवटचे एकदा धुतले. क्रोटनची थोडी पाने गळली. उजेड कमी झाला की तेही पाने टाकते, त्यामुळे पानगळ पाहून लगेच औषध फवारू नये. कागदावर काही चालत नसेल आणि नवा शेंडा ठीक असेल तर थांबावे.

जेड, झेडझेड आणि स्नेक प्लांट २३ नोव्हेंबरला पाहिले, काही नव्हते. २१ डिसेंबरला पुन्हा पाहिले, काही नव्हते. वर्षअखेर जिन्याचा माथा रिकामा करून द्यायचा होता, म्हणून तिघांना न्हाणीघराच्या खिडकीत आणले, जिथे दुसरे झाड नाही. जेडची खालची पाने एव्हाना कडक झाली होती आणि पारदर्शक भिंतीला लागून नवी, पांढरी, टोकाला किंचित तांबूस मुळे दिसत होती. मूळ आणि कीड यांत फरक करायला इथे भिंग लागते: मुळाचा पांढरा रंग एकसारखा आणि तुकतुकीत असतो, मेणाचा पिठूळ आणि तुटक असतो. १८ जानेवारीला, संक्रांतीनंतरच्या रविवारी, तिन्ही झाडे शेवटची बाहेर काढून पाहिली. मुंग्या नव्हत्या, भिंती स्वच्छ होत्या, बुंध्याचे सांधे स्वच्छ होते. त्या संध्याकाळी जेड दारापाशी गेले, स्वतंत्र बशीसह. झेडझेड आणि स्नेक प्लांट हॉलच्या कोपऱ्यात गेले.

काढलेल्या मातीचे काय करायचे हा प्रश्न अनेकांना पडतो. ती गच्चीवरच्या दुसऱ्या कुंडीत किंवा अपार्टमेंटच्या बागेत टाकू नये. मी ती थोडी ओली करून काळ्या पिशव्यांत पातळ थरात भरली, तोंडे घट्ट बांधली आणि गच्चीच्या उघड्या टोकाला उन्हात ठेवली. अधूनमधून पिशव्या उलटवते. हिवाळ्याच्या उन्हात माती पुरेशी तापत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांचे कडक ऊन लागेपर्यंत पिशव्या तशाच बांधलेल्या राहतील. लांबट ट्रे घासून वाळवून ठेवला आहे. येत्या मृगाला तो वापरायचा नाही. पत्र्याखालच्या प्रत्येक कुंडीला वेगळी बशी आणि खाली विटेचा तुकडा देणार आहे, आणि महिन्यातून एकदा तळाच्या भोकांशी मुंग्या दिसतात का ते पाहणार आहे.